ठेकेदाराचं फायनल बिल आणि अंतिम हिशेब: ४८ लाखांचे ५० लाख ६० हजार कसे होतात?

मे महिन्याच्या अखेरीस ठाण्यातल्या जुन्या इमारतींवरच्या परांच्या उतरू लागतात. पावसाच्या आत गिलावा, रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आटोपायचं असतं, म्हणून ऑक्टोबरनंतर सुरू झालेली दुरुस्तीची कामं याच सुमारास संपतात. आणि मग सोसायटीच्या ऑफिसात फायनल बिल येतं. सर्वसाधारण सभेने ४८ लाखांचं काम मंजूर केलेलं असतं, बिल ५५ लाखांचं असतं, आणि खजिनदारांच्या वहीत आतापर्यंत दिलेले पैसे ४३ लाखही भरत नाहीत. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. त्यांचा मेळ घालणारा जो कागद लागतो, त्याला अंतिम हिशेब किंवा फायनल अकाउंट म्हणतात.

फायनल बिल आणि अंतिम हिशेब एक नव्हे. बिल ही ठेकेदाराची मागणी असते. अंतिम हिशेब हे मूळ करारापासून शेवटच्या रुपयापर्यंतचं विवरण असतं. कन्सल्टंट ते मोजमापांवरून तयार करतो आणि ठेकेदार व सोसायटी दोघांच्या सह्या झाल्यावरच ते पक्कं होतं.

## दोन वेगळे प्रश्न

या विवरणात दोन प्रश्नांची उत्तरं असतात. पहिला प्रश्न: काम शेवटी केवढ्याला पडलं? दुसरा: त्यातले किती दिले गेले आणि आज किती द्यायचे? भांडणं बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

भाड्याच्या घराचं उदाहरण घ्या. भाडं महिना २५ हजार आणि डिपॉझिट १ लाख. घर सोडताना मालकाने तुटलेल्या खिडकीचे २ हजार कापले, तर तो तुमचा खर्च झाला. उरलेले ९८ हजार त्याच्याकडे असले तरी ते तुमचेच आहेत. "या घराला मला किती खर्च आला" असं कुणी विचारलं, तर तुम्ही त्यात डिपॉझिट धरत नाही.

दुरुस्तीच्या कामात रिटेन्शन हे असंच डिपॉझिट असतं. काम सुरू असताना ठेकेदार टप्प्याटप्प्याने जी बिलं देतो, ती चालू बिलं. काम निर्दोष राहील याची हमी म्हणून प्रत्येक चालू बिलातून ठराविक टक्के रक्कम सोसायटी आपल्याकडे रोखून ठेवते. त्यामुळे कामाची किंमत एक रुपयानेही कमी होत नाही, पैसे फक्त उशिरा जातात. टीडीएसचंही तसंच आहे. ठेकेदाराच्या वतीने सोसायटी तो आयकर खात्यात भरते, म्हणजे हिशेबात ती रक्कम त्याला दिल्यासारखीच असते. याउलट उशिराची भरपाई किंवा सोसायटीची वापरलेली वीज ही खरी वजावट आहे, कारण ते पैसे ठेकेदाराला कधीच मिळणार नाहीत.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. वर्तकनगरकडची दोन विंगची, सात मजली, तीसेक वर्षं जुनी इमारत डोळ्यासमोर आणा. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत आणि ते जीएसटी सोडून आहेत. १८ टक्के जीएसटी प्रत्येक बिलाबरोबर वेगळा दिला जातो, त्यामुळे तो या विवरणाच्या शेवटी स्वतंत्र ओळीत दाखवावा, मधल्या रकमांत मिसळू नये. एक आकडा करासह आणि दुसरा कराविना घेतला, की पुढे काहीच जुळत नाही.

## मूळ रक्कम: ४८ लाख आले कुठून?

करारासोबत बीओक्यू असते, म्हणजे कामांची, त्यांच्या परिमाणांची आणि दरांची यादी. आपल्या उदाहरणात गिलावा १२,००० चौरस फूट, दर ११० रुपये, म्हणजे १३,२०,००० रुपये. गंजलेल्या सळया साफ करून पॉलिमर मोर्टारने आरसीसी दुरुस्ती ३,००० चौरस फूट, दर ३५०, म्हणजे १०,५०,०००. रंग ४०,००० चौरस फूट, दर २८, म्हणजे ११,२०,०००. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३,५०० चौरस फूट, दर २२०, म्हणजे ७,७०,०००. आणि सांडपाण्याचे उभे पाइप बदलणं, एकरकमी ५,४०,०००. बेरीज बरोबर ४८ लाख.

यातले पक्के आहेत ते दर. एकरकमी पाइपकाम सोडलं, तर परिमाणं हा अंदाज असतो. बाहेरच्या खांबाचं काँक्रीट कुठे पोकळ झालंय ते जमिनीवरून दिसत नाही. परांची चढल्यावर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा लागतो. भद्द आवाज आला तिथे गिलावा फोडायचा, आणि मग आतली सळई किती खाल्ली गेली आहे ते कळतं.

## बदल: अधिकही असतात आणि उणेही

मूळ करारात न बसणाऱ्या किंवा परिमाण बदललेल्या कामांना आपण इथे बदल म्हणू. आपल्या इमारतीत फोडाफोडी केल्यावर पॉलिमर मोर्टारचं काम ४,४०० चौरस फूट निघालं. वाढलेले १,४०० चौरस फूट ३५० रुपयांनी ४,९०,००० होतात. गिलावा मात्र १०,६०० चौरस फूटच लागला, म्हणून १,५४,००० कमी. एका विंगचे स्वयंपाकघराचे पाइप आधीच बदललेले होते, ते काम करायचं नाही असं ठरलं, म्हणून ९०,००० कमी. रंगाचं मोजमाप ४०,९०० चौरस फूट भरलं, म्हणजे २५,२०० जास्त. आणि १४ खिडक्यांवरचे छज्जे इतके खराब निघाले, की ते तोडून नव्याने ओतावे लागले. हे काम यादीत नव्हतंच, ते एक्स्ट्रा आयटम झालं.

ठेकेदाराच्या बिलात काय होतं, ते आता बघा. त्याने मूळ ४८ लाख घेतले आणि त्यात पॉलिमरचे ४,९०,०००, छज्जांचे १,२६,००० आणि रंगाचे ८९,६०० मिळवले. एकूण ५५,०५,६००. वाढलेलं सगळं आलं, कमी झालेल्या गिलाव्याचा आणि वगळलेल्या पाइपांचा उल्लेखच नाही. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. साइटवरचा माणूस केलेल्या कामाची नोंद ठेवतो, न केलेल्या कामाची ठेवत नाही. म्हणून तपासणाऱ्याने बिलातल्या ओळी तपासून भागत नाही. बीओक्यूची प्रत्येक ओळ समोर घेऊन प्रत्यक्ष परिमाण काय, हे विचारावं लागतं. उणे बदल असेच सापडतात.

छज्जासाठी ठेकेदाराने नगामागे ९,००० लावले होते. करारात नसलेल्या कामाचा दर ठरवायचा, तर आधी यादीतल्या जवळच्या कामाचा दर लागू होतो का ते पाहतात. नसेल तर दराची फोड मागतात. इथे सिमेंट, खडी, सळई आणि फळ्या मिळून २,९०० आणि तोडकामासह मजुरी २,७५० निघाली. बेरीज ५,६५०. त्यावर करारात लिहिलेले १५ टक्के ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा म्हणून धरले की ६,४९७ रुपये ५० पैसे. तो ६,५०० धरला आणि १४ छज्जांचे ९१,००० झाले. हा दर छज्जा ओतण्याआधी लेखी ठरला असता, तर शेवटी वाद उरलाच नसता.

रंगाचा फरक मोजमापाच्या पद्धतीतून आला. ठेकेदाराने ४३,२०० चौरस फूट लावले, कारण त्याने खिडक्यांची पोकळी वजा केली नव्हती. मोजमापासाठी आपल्याकडे आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. गिलाव्याच्या मोजमापात त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची छोटी पोकळी वजा करत नाहीत, त्याहून मोठ्या पोकळीला वजावटीचे नियम लागतात. करारात हे मानक लिहिलं असेल तर वाद लवकर मिटतो. नसेल तर कागदावर दोन्ही पद्धतींना जागा राहते, आणि इथे तो फरक ६४,४०० रुपयांचा होता.

सगळे बदल एकत्र केले तर निव्वळ वाढ ३,६२,२०० रुपये होते आणि कामाची किंमत ५१,६२,२००.

## "सभेने ४८ लाख मंजूर केले, मग जास्त का द्यायचे?"

करार दरावर आहे म्हणून. अशा करारात सोसायटीने ४८ लाखांत इमारत दुरुस्त करून मागितलेली नसते, ठरलेल्या दराने जितकं काम होईल तितक्याचे पैसे कबूल केलेले असतात. एकरकमी करार असता तर उत्तर वेगळं असतं.

पण याचा अर्थ ठेकेदार सांगेल तेवढं मोजमाप मान्य करायचं असा नाही. पॉलिमरचं काम जवळपास ४७ टक्क्यांनी वाढलं. एवढ्या वाढीला तीन गोष्टी जागेवर हव्यात. एक, झाकण्याआधीचं संयुक्त मोजमाप, म्हणजे मेजरमेंट बुकात तारीख, मजला, खांबाचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. दोन, त्याच जागेचे खडूने आकार आखलेले फोटो. तीन, सामानाची नोंद, म्हणजे पॉलिमरचे सीलबंद डबे किती आले आणि रिकामे किती मोजून परत गेले. एका डब्यात किती क्षेत्र होतं ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. डबे ३,००० चौरस फुटांचेच आले असतील, तर ४,४०० चौरस फूट काम झालेलं नाही. जाडी कमी भरली असेल, तर तीही इथेच पकडली जाते.

करारात एक कलम आवर्जून शोधावं. काही करारांत परिमाण ठराविक टक्क्यांहून जास्त वाढलं, तर वाढीव भागाचा दर नव्याने ठरवता येतो. आपल्या उदाहरणात असं कलम नाही, म्हणून ३५०चाच दर लागला.

दुहेरी आकारणीकडेही लक्ष हवं. जिथे पॉलिमर मोर्टार झालं, तिथे वर गिलावाही होतो, त्यामुळे ते क्षेत्र दोन्ही ओळींत येणं चूक नाही. पण "जुना गिलावा फोडणं व राबिट उचलणं" हे दोन्ही दरांच्या वर्णनात असेल, तर एकाच फोडकामाचे पैसे दोनदा जातात. ही चूक फायनल बिलात सुधारणं कठीण असतं, कारण दर सह्या होऊन बसलेले असतात. पहिल्या चालू बिलाच्या वेळीच ती काढावी.

आणि हो, वाढीला सभेची मंजुरी लागते. काम संपल्यावर मागण्यापेक्षा वाढ दिसू लागताच कन्सल्टंटकडून सुधारित अंदाज घेऊन विशेष सभा बोलावणं सभासदांना जास्त पटतं.

## वजावटी: खऱ्या कोणत्या?

आपल्या हिशेबात तीन आहेत. सबमीटरप्रमाणे ठेकेदाराने वापरलेल्या विजेचे १८,२००. परांची लावताना फुटलेल्या काचा सोसायटीने बदलून घेतल्या, त्याचे १२,०००, बिलाच्या प्रतीसह. आणि उशिराची भरपाई ७२,०००.

ही भरपाई कशी आली? करारानुसार आठवड्याला मूळ रकमेच्या अर्धा टक्का, म्हणजे २४,०००, कमाल पाच टक्के. काम सात आठवडे लांबलं. त्यातले चार आठवडे वाढीव पॉलिमर कामामुळे आणि सभासदांनी खिडक्यांच्या जाळ्या वेळेवर न काढल्यामुळे गेले, तेवढी मुदतवाढ द्यावीच लागली. उरले तीन.

"सातही आठवड्यांचे कापा, करारात लिहिलंय" असं सभेत कुणीतरी म्हणतंच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. आपल्याच विलंबाचा दंड दुसऱ्याकडून वसूल केला, तर तो टिकणं अवघड. आणि भरपाई मागायची असेल, तर त्या वेळची पत्रं हवीत. सहा महिने गप्प बसून फायनल बिलावर एकदम आकडा टाकणं ही सोसायटीचीच बाजू कमकुवत करणारी गोष्ट आहे.

वजावटींची बेरीज १,०२,२००. म्हणून अंतिम रक्कम ५०,६०,०००. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. हा आकडा एकदा सह्या करून गोठवायचा आणि मगच दुसऱ्या प्रश्नाकडे जायचं.

## आज चेक कितीचा?

चार चालू बिलं मिळून ४६,००,००० रुपयांचं काम प्रमाणित झालं होतं. त्यातून ५ टक्के रिटेन्शन २,३०,००० रोखलं गेलं आणि २ टक्के टीडीएस ९२,००० भरला गेला. ठेकेदार भागीदारी फर्म आहे म्हणून २ टक्के, एकट्या व्यक्तीचा व्यवसाय असता तर १. बँकेतून प्रत्यक्ष गेले ४२,७८,०००.

करारात रिटेन्शन अंतिम रकमेच्या ५ टक्के ठरलं आहे, म्हणजे २,५३,०००. त्यातलं निम्मं काम पूर्ण झाल्यावर सोडायचं आणि निम्मं दोषदायित्वाची मुदत संपल्यावर. दोषदायित्व म्हणजे काम संपल्यानंतर ठरलेल्या काळात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची जबाबदारी. तेव्हा आता रोखायचे फक्त १,२६,५००.

| तपशील | रुपये |
|---|---|
| मूळ करार रक्कम | ४८,००,००० |
| निव्वळ बदल | + ३,६२,२०० |
| कामाची किंमत | ५१,६२,२०० |
| वजावटी | − १,०२,२०० |
| अंतिम रक्कम | ५०,६०,००० |
| रोखून ठेवायचं रिटेन्शन | − १,२६,५०० |
| आधी बँकेतून दिलेले | − ४२,७८,००० |
| आधी भरलेला टीडीएस | − ९२,००० |
| आज देय | ५,६३,५०० |
| यावरचा टीडीएस | − ११,२४४ |
| चेकची रक्कम | ५,५२,२५६ |

टीडीएस ५,६३,५०० वर का नाही, हे विचारलं जाईल. तो फक्त आधी बिलात न आलेल्या ५,६२,२०० रुपयांच्या कामावर आहे. सोडलेलं रिटेन्शन आधीच्या बिलांचा भाग होता आणि त्या पूर्ण बिलांवर तेव्हाच टीडीएस कापला गेला. पडताळा सोपा आहे: ९२,००० आणि ११,२४४ मिळून १,०३,२४४, आणि तेच ५१,६२,२०० चे बरोबर २ टक्के. हा पडताळा जुळला नाही, तर कुठेतरी एक बिल सुटलंय किंवा दोनदा आलंय. काम सुरू करताना ॲडव्हान्स दिला असेल तर तोही इथेच पाहावा. बँकेच्या नोंदीत तो पेमेंट म्हणून आहे आणि चालू बिलांत वसुली म्हणूनही, त्यामुळे चुकून दोनदा वजा होतो.

खजिनदारांकडून होणारी सर्वात महाग चूक म्हणजे रिटेन्शन वरच्या भागात, वजावटींच्या शेजारी लिहिणं. मग सभेला सांगितलं जातं की काम ४९ लाख ३३ हजारांत झालं. दुरुस्ती निधीतली शिल्लक दुसऱ्या कामाला वळते, आणि वर्षाने ठेकेदार १,२६,५०० मागायला आला की नवी कमिटी विचारते, "हे कुठले पैसे?" ताळेबंदात ही रक्कम देणं म्हणून दिसली पाहिजे.

## "सही केली तर पुढे गळती निघाल्यावर काय?"

अंतिम हिशेबावरची सही रकमेला असते. दोषदायित्व आणि वॉटरप्रूफिंगची वेगळी लिहून घेतलेली हमी त्याने संपत नाही, मात्र विवरणाखाली तसं स्पष्ट लिहावं. ठेकेदाराकडूनही एक वाक्य घ्यावं: रोखलेल्या रिटेन्शनखेरीज या कामापोटी आणखी कोणतीही मागणी नाही. ते नसेल तर दोन महिन्यांनी आणखी एखादं एक्स्ट्रा बिल येऊ शकतं.

एखाद्या ओळीवर एकमत होतच नसेल, समजा छज्जांच्या दरावर, तर सगळा हिशेब अडवून ठेवू नये. वादातली रक्कम, इथे ३५,०००, वेगळी लिहायची, बाकीच्यावर सह्या करून पैसे द्यायचे आणि त्या एका ओळीसाठी करारातली लवादाची किंवा समेटाची वाट धरायची. पस्तीस हजारांच्या वादापायी ठेकेदाराचे पाच लाख अडले, की गळती दुरुस्त करायला तो माणसं पाठवत नाही. नुकसान सोसायटीचंच होतं.

सह्या कोणाच्या? ठेकेदार, कन्सल्टंट आणि सोसायटीतर्फे कमिटीच्या ठरावाने अधिकार दिलेले अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. प्रत्येक पानावर, आणि सोबत मोजमापांचा गोषवारा, एक्स्ट्रा आयटमच्या दराची फोड, मुदतवाढीचं पत्र आणि चालू बिलांची यादी.

## राहिलेले १,२६,५००

वॉटरप्रूफिंग आणि बाहेरच्या भिंतीची खरी परीक्षा ठाण्याच्या पावसातच होते. २५ मे रोजी काम संपलं आणि मुदत बारा महिन्यांची असेल, तर एक पूर्ण पावसाळा तिच्यात येतो. जुलैच्या जोरदार पावसात वरच्या मजल्यांवर आणि टोकाच्या फ्लॅटमध्ये ओल पाहायची, फ्लॅटनिहाय यादी करून ठेकेदाराला लेखी कळवायची, आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा पाहायचं. तोंडी तक्रारींच्या जोरावर रिटेन्शन रोखता येत नाही. लेखी कळवूनही ठेकेदाराने दुरुस्ती केली नाही, तर करारात तशी तरतूद असेल त्याप्रमाणे नोटीस देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि फक्त तेवढा खर्च वळता करायचा. एका बाथरूमच्या भिंतीची ओल १४,००० रुपयांत दुरुस्त झाली, तर १,१२,५०० परत जातात.

या शेवटच्या चेकवर टीडीएस कापायचा नाही, तो आधीच कापलेला आहे. बिलांच्या पूर्ण रकमेवर जीएसटी दिला असेल, तर तोही पुन्हा लागत नाही. चेकसोबत दोषदायित्व संपल्याचं प्रमाणपत्र कन्सल्टंटकडून घ्यायचं आणि ते अंतिम हिशेबाच्या त्याच फाइलला लावायचं.